जाड सिलिंडरचं ऑटोफ्रेटाज: दाब दिला, पण बोअरमध्ये कॉम्प्रेशन उरलं का? या चुका टाळा

आतून खूप दाब सोसणारा सिलिंडर जाड केला की प्रश्न सुटतो, असं वाटतं. तसं होत नाही. लामेच्या समीकरणांनुसार हूप स्ट्रेस बोअरच्या पृष्ठभागावर सगळ्यात जास्त असतो आणि बाहेर जाताना झपाट्याने कमी होतो. त्यामुळे भिंत कितीही जाड केली तरी आतला थर आधी हार मानतो आणि बाहेरचं स्टील जवळजवळ मोकळं बसून राहतं. ऑटोफ्रेटाजमध्ये या बाहेरच्या स्टीलला कामाला लावतात. सिलिंडरला एकदा मुद्दाम इतका दाब द्यायचा की आतला थर यील्ड होऊन कायमचा थोडा मोठा होईल, पण बाहेरचा थर इलॅस्टिकच राहील. दाब काढला की बाहेरचा थर मूळ मापावर यायला बघतो, मध्ये हा फुगलेला आतला थर असतो, आणि तो चहूबाजूंनी आवळला जातो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवली की थंड होताना ती लाकडाला आवळते, तसंच हे. फक्त इथे धाव आणि चाक एकाच तुकड्यात असतात.

प्रत्यक्ष काम करताना गडबड होते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: दाब ठरल्याप्रमाणे दिला म्हणजे कॉम्प्रेशनही ठरल्याप्रमाणे मिळालं, असं धरलं जातं. म्हणून एक सिलिंडर घेऊन त्याच्यावरच सगळं बघू.

बोअरची त्रिज्या ५० मिमी, बाहेरची त्रिज्या १०० मिमी, स्टीलचा यील्ड ८०० मेगापास्कल, कामाचा दाब ३५० मेगापास्कल. टोकं मोकळी, म्हणजे प्लगवरचा जोर बाहेरची फ्रेम सोसते आणि सिलिंडरला लांबीच्या दिशेने ओढत नाही. त्रेस्काचा निकष धरला आणि स्टील यील्डनंतर कडक होत नाही असं मानलं, तर त्रिज्या c पर्यंत यील्ड पोहोचवायला लागणारा दाब असा, इथे a म्हणजे बोअरची त्रिज्या, b बाहेरची त्रिज्या आणि Y स्टीलचा यील्ड:

```
p = (Y/2)(1 - c²/b²) + Y ln(c/a)
```

c ला बोअरइतकंच ठेवलं की यील्ड सुरू होण्याचा दाब मिळतो: ३०० मेगापास्कल. म्हणजे साधा सिलिंडर ३५० ला वापरताच येणार नाही. भिंतीच्या ४० टक्के जाडीपर्यंत, म्हणजे ७० मिमी त्रिज्येपर्यंत यील्ड न्यायचं ठरवलं तर ऑटोफ्रेटाजचा दाब ४७३ येतो. तो काढून घेतल्यावर बोअरवर हूप दिशेने सुमारे ४६२ मेगापास्कल कॉम्प्रेशन उरतं. पुढे ३५० चा कामाचा दाब बोअरवर ५८३ मेगापास्कलचा ताण आणतो, पण त्यातले ४६२ आधीच्या कॉम्प्रेशनमध्ये जिरतात आणि निव्वळ ताण १२१ उरतो. सिलिंडर पुन्हा यील्ड होऊ लागेल तो थेट ४७३ च्या आसपास. कागदावर हे इतकं सरळ आहे.

चूक पहिली: सर्टिफिकेटवरचा यील्ड धरून दाब ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मटेरियलच्या ऑर्डरवर 'यील्ड किमान ८००' असं लिहिलेलं असतं. नेहमीच्या डिझाइनमध्ये किमान आकडा धरणं सुरक्षित असतं, कारण स्टील जास्त मजबूत निघालं तर फायदाच. ऑटोफ्रेटाजमध्ये हा हिशोब उलटतो. स्टील अपेक्षेपेक्षा मजबूत निघालं तर ठरवलेल्या दाबाला ते कमी यील्ड होतं, आणि कमी यील्ड झालं की कॉम्प्रेशनही कमी उरतं.

समजा आपल्या फोर्जिंगचा खरा यील्ड ९०० आहे. क्वेंच-टेम्पर केलेल्या मिश्र स्टीलमध्ये इतका फरक अगदी नेहमीचा आहे. दाब तोच ४७३ दिला, तर यील्ड ७० मिमीपर्यंत न जाता ६२ मिमीच्या आसपास थांबतं. बोअरवरचं कॉम्प्रेशन ४६२ ऐवजी ३६२ च उरतं. पूर्ण १०० मेगापास्कल गायब, आणि रिपोर्टवर मात्र 'ऑटोफ्रेटाज ४७३ मेगापास्कल, पूर्ण' असं लिहिलेलं.

हे पकडायचं कसं? सिलिंडरच्या बाहेरून, लांबीच्या मध्यावर, परिघाच्या दिशेने स्ट्रेन गेज लावा. एकावर विसंबू नका, परिघावर सारख्या अंतरावर तीन-चार लावा. दाब टप्प्याटप्प्याने चढवा आणि प्रत्येक टप्प्याला रीडिंग घेऊन दाब विरुद्ध स्ट्रेन असा आलेख काढा. या सिलिंडरच्या मापांना, स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस २०७ गिगापास्कल धरून, इलॅस्टिक भागात प्रत्येक मेगापास्कलला सुमारे ३.२ मायक्रोस्ट्रेन वाढायला हवेत. ही सुरुवातीची सरळ रेषा जुळली नाही तर पुढे जाऊच नका. एक तर गेज नीट चिकटलेलं नाही, नाहीतर दाबाचं गेज चुकतंय.

रेषा जुळली तर ती कुठे वाकते ते बघा. ८०० च्या स्टीलला ती ३०० मेगापास्कलच्या पुढे वाकू लागेल, ९०० च्या स्टीलला ३३७ च्या पुढे. बाहेरून बघताना हे वळण फार अलगद असतं, कारण आत यील्ड झालेला थर अजून पातळ असतो. आलेखावर पट्टी ठेवून बघितलं तरच ते कळतं.

सगळ्यात भरवशाचा आकडा मिळतो दाब शून्यावर आणल्यावर. ठरल्याप्रमाणे काम झालं असेल तर बाहेरच्या गेजवर सुमारे ३४० मायक्रोस्ट्रेन कायमचे उरतील. स्टील ९०० चं असेल तर उरतील जेमतेम १४५. वरच्या टोकाला, म्हणजे ४७३ ला, हाच फरक १८६० विरुद्ध १६७० असा छोटा दिसतो आणि तो गेजच्या चुकीवर ढकलला जातो. शून्यावर तो दुपटीहून जास्त दिसतो आणि नजरेआड करता येत नाही. म्हणून दाब उतरल्यावरचं रीडिंग घेतल्याशिवाय गेजच्या वायरी काढू नका. बोअरचा व्यासही आधी आणि नंतर, एकाच तापमानाला, त्याच जागी मोजा. १०० मिमीच्या बोअरमध्ये सुमारे ०.१३ मिमीची कायमची वाढ अपेक्षित आहे.

रीडिंग कमी आलं तर काम वाया गेलेलं नसतं. दाब वाढवून पुन्हा देता येतो. ९०० च्या स्टीलमध्ये ४६२ चं कॉम्प्रेशन हवं असेल तर ५११ मेगापास्कल लागतील. पंप, प्लग आणि सील तेवढ्या दाबाचे आहेत का, हे मात्र आधी तपासा. आणि हा आकडा अंदाजाने ठरवू नका: त्याच फोर्जिंगच्या जादा लांबीतून, बोअरजवळून, परिघाच्या दिशेने टेस्ट पीस काढा आणि यील्ड मोजा. जाड फोर्जिंगमध्ये क्वेंचचा परिणाम पृष्ठभागावर वेगळा आणि आत वेगळा असतो. बाहेरच्या कडेचा लांबीच्या दिशेने काढलेला पीस बोअरबद्दल फार काही सांगत नाही.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त घातक असते. बोअरजवळचं स्टील ७२० चंच निघालं तर ४७३ ला यील्ड ८० मिमीच्याही पुढे पोहोचतं, आणि भिंत पूर्ण यील्ड होण्याचा दाब ४९९ वर येतो. मधलं अंतर फार थोडं राहतं. अशा वेळी आलेख झपाट्याने आडवा होऊ लागतो. दाब जेमतेम वाढवला तरी स्ट्रेन पळायला लागला की पंप थांबवा. ठरलेला दाब गाठायचाच या हट्टाला इथे जागा नाही.

आणखी एक गोष्ट. त्रेस्काचा निकष यील्ड थोडं लवकर होतं असं सांगतो. मिसेसचा निकष बहुतेक डक्टाइल स्टीलच्या वागण्याशी जास्त जुळतो, आणि त्याप्रमाणे तोच थर गाठायला जास्त दाब लागतो. बंद टोकांच्या सिलिंडरमध्ये हा फरक सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जातो. फुटण्याच्या हिशोबाला त्रेस्का सुरक्षित बाजूला ठेवतो, पण ऑटोफ्रेटाजचा दाब ठरवताना तोच त्रेस्का तुम्हाला कमी दाबावर थांबवू शकतो. शेवटचा शब्द गेजचाच.

दाब गेजवर आहे, सिलिंडरमध्ये नाही

हे थोडक्यात सांगतो. साधी खनिज तेलं काहीशे मेगापास्कलला इतकी घट्ट होतात की बारीक नळीतून दाब पुढे पोहोचायला वेळ लागतो, किंवा तो पोहोचतच नाही. पंपाजवळचं गेज ४७३ दाखवतं आणि सिलिंडरमध्ये त्याहून बरंच कमी असतं. दाबाचा ट्रान्सड्यूसर सिलिंडरच्या बाजूला बसवा, किंवा दोन्हीकडे बसवून रीडिंग ताडून बघा. उच्च दाबासाठीचा खास द्रव वापरा. बोअरमध्ये स्टीलचा भरीव दांडा घाला, म्हणजे द्रव कमी लागतो आणि काही निसटलंच तर साठलेली ऊर्जाही कमी असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय पंप सुरू करू नका, आणि दाब असताना सिलिंडरजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका. रीडिंग नेहमी आडोशामागून घ्यायची.

चूक दुसरी: ताणात ८०० म्हणजे कॉम्प्रेशनमध्येही ८००

योहान बाउशिंगर यांनी १९ व्या शतकात म्युनिकमध्ये दाखवून दिलं होतं की धातू एकदा ताणात यील्ड झाला की उलट दिशेने तो लवकर यील्ड होतो. ऑटोफ्रेटाजमध्ये नेमकं हेच घडतं. दाब चढताना बोअर ताणात यील्ड होतं आणि उतरताना त्याला कॉम्प्रेशनमध्ये जावं लागतं.

आपल्या सिलिंडरमध्ये कागदावर ४६२ चं कॉम्प्रेशन आलं. ते ८०० च्या खूप आत आहे, म्हणून चिंता नाही, असं वाटतं. पण समजा उलट दिशेचा यील्ड निम्म्यावर, म्हणजे ४०० वर आला. मग दाब उतरताना बोअर ४०० ला पोहोचलं की पुन्हा यील्ड होऊ लागेल, आणि कागदावरचे ४६२ प्रत्यक्षात मिळणारच नाहीत. ही घट किती, ते स्टीलवर आणि बोअर किती ताणलं गेलं यावर अवलंबून असतं. खऱ्या स्टीलमध्ये उलटं यील्ड एका ठरावीक बिंदूला सुरू होत नाही. रेषा फार आधीपासून वाकू लागते. म्हणजे नुकसान थोडं थोडं, पण लवकर सुरू होतं.

इथे दोन चुका एकमेकींत मिसळतात. कॉम्प्रेशन कमी पडतंय असं दिसलं की दाब वाढवण्याकडे हात जातो. मूळ कारण स्टील जास्त मजबूत असणं हे असेल तर तो उपाय बरोबर. कारण बाउशिंगर असेल तर दाब वाढवून बोअरवर जवळजवळ काहीच मिळत नाही. आतला थर आणखी ताणला जातो, उलट यील्ड आणखी आधी होतं, आणि बाहेरच्या थरावरचा ताण मात्र वाढतो. आपल्या उदाहरणात उलट यील्ड खरोखर ४०० असेल तर बोअरपुरतं ४५० मेगापास्कलच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

दोन्हींत फरक करायचा असेल तर दाब उतरतानाचा आलेखही तितक्याच काळजीने काढा. बहुतेक जण चढतानाची रीडिंग मन लावून घेतात आणि उतरताना झडप एकदम सोडून देतात. उतरण्याची रेषा सुरुवातीच्या रेषेला समांतर सरळ खाली आली तर उलट यील्ड झालेलं नाही, किंवा नगण्य आहे. शेवटी शून्याजवळ ती वाकली तर झालेलं आहे. बाहेरच्या गेजवर ही वाक फार छोटी दिसते, म्हणून महत्त्वाच्या कामात बोअरमध्येही गेज लावतात, किंवा निदान त्याच स्टीलच्या टेस्ट पीसवर ताण-मग-कॉम्प्रेशन अशी चाचणी करून उलट यील्ड मोजतात. ही चाचणी खर्चिक नाही आणि तिच्यामुळे बरेच वाद मिटतात.

ऑटोफ्रेटाजनंतर साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून दिलं, तर उलट वागण्यातली ही ढिलाई बरीच भरून निघते आणि सिलिंडर पुढच्या दाबांना जास्त इलॅस्टिक वागतो. तोफांच्या नळ्यांवर हे बरीच वर्षं केलं जातंय. मात्र टेम्परिंगचं तापमान याहून बरंच वर असायला हवं.

चूक तिसरी: मिळवलेलं कॉम्प्रेशन नंतर घालवणं

बोअर ०.१३ मिमीने वाढलं, थोडं वाकडंही झालं, म्हणून नंतर होनिंग करावंच लागतं. त्यात काही चूक नाही, पण किती मिमी काढणार ते आधीच हिशोबात धरा. आपल्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन बोअरवर ४६२ आहे आणि १५ मिमी आत गेलं की शून्य होतं. त्याच्या पुढे ताण सुरू होतो, आणि ७० मिमी त्रिज्येजवळ तो ११६ मेगापास्कलपर्यंत चढतो. त्रिज्येत २ मिमी काढले तर उरलेला भाग थोडा स्थिरावतो आणि नव्या बोअरवर ४११ उरतात. यील्डचा दाबही ४७३ वरून ४४२ वर येतो. होनिंगचे दोन-तीन दशांश सहज चालतात, पण बोअर चार मिमीने मोठं करायचं असेल तर ते ऑटोफ्रेटाजच्या आधीच करायला हवं.

उष्णतेची चूक मात्र भरून काढता येत नाही. कुणीतरी चांगल्या हेतूने, मशीनिंगनंतर नेहमीच्या सवयीने, सिलिंडर ६०० अंशाच्या स्ट्रेस रिलीव्हसाठी भट्टीत पाठवतं. तिथे घालवला जाणारा स्ट्रेस म्हणजे आपण कमावलेलं कॉम्प्रेशनच. बाहेरून सिलिंडर तसाच दिसतो, कडकपणाही जवळजवळ तोच येतो. वेल्डिंगचंही तेच. ब्रॅकेट लावायचं असेल तर क्लॅम्पने लावा. जॉब कार्डवर 'ऑटोफ्रेटाज केलेला आहे, अमुक तापमानाच्या वर नेऊ नये' असं ठळक लिहा, आणि सिलिंडरवर टॅगही लावा.

शंका आलीच, आणि एक तुकडा खर्ची घालायची तयारी असेल, तर सिलिंडरच्या जादा लांबीतून एक रिंग कापा आणि तिला एका बाजूने त्रिज्येच्या दिशेने चीर द्या. आत कॉम्प्रेशन आणि बाहेर ताण असेल तर चीर उघडते. रिंग जशीच्या तशी राहिली तर त्या सिलिंडरमध्ये काही उरलेलं नाही. रिंग टोकाच्या अगदी जवळून घेऊ नका. सीलच्या बाहेरच्या भागाला दाब लागलेलाच नसतो, त्यामुळे तिथली रिंग तुम्हाला विनाकारण घाबरवेल.

चूक चौथी: आता सिलिंडर आणखी दाबाला फुटेल, असं समजणं

ऑटोफ्रेटाजमुळे वाढतो तो पुन्हा यील्ड सुरू होण्याचा दाब. भिंत पूर्ण यील्ड होऊन सिलिंडर हात टेकतो तो दाब आपल्या उदाहरणात ५५४ मेगापास्कल आहे, आणि ऑटोफ्रेटाज केल्यावरही तो ५५४ च राहतो. आतल्या थरातलं कॉम्प्रेशन आणि बाहेरच्या थरातला ताण एकमेकांशी तोलात असतात. पूर्ण यील्ड होताना ते सगळं पुसलं जातं. म्हणून फुटण्याविरुद्धचा सुरक्षा गुणांक काढताना ऑटोफ्रेटाजचा फायदा धरू नका. ३५० ला तो १.६ च्या आसपास आहे. तो पुरेसा वाटत नसेल तर उपाय जास्त मजबूत स्टील किंवा जास्त जाडी हाच.

खरा फायदा थकव्यात, म्हणजे हजारो वेळा दाब चढल्या-उतरल्यावर वाढणाऱ्या भेगांमध्ये आहे. तिथेही एक बारकावा सुटतो. १२१ मेगापास्कल हा निव्वळ ताण बघून भेग वाढणारच नाही असं म्हटलं जातं. पण बोअरमधला द्रव भेगेच्या आतही शिरतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना ३५० ने ढकलतो. भेगेच्या दृष्टीने उघडणारा ताण १२१ अधिक ३५०, म्हणजे ४७१ आहे. ऑटोफ्रेटाज नसतं तर तो ९३३ असता. निम्मा झाला ही मोठी गोष्ट आहे, पण भेग बंद झाली असं समजून तपासणीचा कालावधी दुप्पट-चौपट करणं धोक्याचं आहे.

आणि बोअर वाचवल्यावर कमकुवत जागा दुसरीकडे सरकते. बाहेरच्या पृष्ठभागावर आता कायमचा सुमारे ७६ मेगापास्कलचा ताण आहे. त्यात ३५० चा दाब आणखी २३३ घालतो, म्हणजे एकूण ३१० च्या आसपास. गुळगुळीत पृष्ठभागाला हे सहज झेपतं. पण बाहेर चावीची खाच असेल, धारदार कोपऱ्याची आटी असेल, किंवा कुणी सीरियल नंबर हातोडीने खोल ठोकला असेल, तर तिथे ताण दोन-तीन पटींनी वाढतो. ऑटोफ्रेटाज केलेल्या तोफांच्या नळ्यांच्या थकवा चाचण्यांत भेग बाहेरच्या खाचेतून सुरू झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून नंबर टोकाच्या सपाट पृष्ठभागावर ठोका किंवा इलेक्ट्रोकेमिकल एचिंगने लिहा, बाहेरच्या खाचांचे कोपरे मोठ्या त्रिज्येने गोल करा, आणि ठरावीक फेऱ्यांनंतर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी करताना बोअरबरोबर बाहेरचा पृष्ठभागही यादीत घ्या.